पोप महोदयांच्या प्रकृतीविषयी : आपल्या धर्मग्रामांच्या ग्रुप ॲडमिनना खुले पत्र

वसई, मंगळवार, 4 मार्च 2025

प्रिय ॲडमिन बंधूभगिनींनो, पॅरिश कौन्सिल, महिला मंडळ, युवा मंडळ आणि कोयरच्या ग्रुपवरील सर्वांनो,

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगते. पोप फ्रान्सिस हयात आहेत. ते रोममधल्या जेमेली रुग्णालयात आहेत, शुद्धीवर आहेत, डॉक्टरांना साथ देत आहेत. त्यांची प्रकृती मात्र गंभीर आहे. काल, सोमवारी, त्यांना दोनदा श्वास घेण्याचा तीव्र त्रास झाला. धोका टळला असे डॉक्टरांनी अजून म्हटलेले नाही. आज दुपारी व्हॅटिकनकडून आलेल्या निवेदनानुसार ते रात्रभर झोपले आणि सकाळीही विश्रांती घेत होते. हे पत्र लिहिताना खात्रीने सांगता येण्यासारखे एवढेच आहे.

मी निवृत्त नर्स आहे. मुंबईतल्या एका रुग्णालयात छातीच्या विकारांच्या वॉर्डात आणि आयसीयूत माझी नोकरी गेली. न्यूमोनियाचे म्हातारे पेशंट मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांचे नातेवाईकही. आत पेशंट श्वासासाठी झगडत असतो आणि बाहेर व्हरांड्यात कुणीतरी कुजबुजतो, ‘गेले वाटतं.’ पाच मिनिटांत ते गावी पोहोचते. एका कुटुंबात जे होताना मी पाहिले, ते गेल्या आठवड्यात आपल्या अख्ख्या समाजात झाले. म्हणून गप्प बसवत नाही.

आपल्याकडे काय झाले ते अनेकांना ठाऊक आहे, तरी लिहिते. शनिवारी, 1 मार्चला, रात्री साडेआठच्या सुमारास एक मेसेज आमच्या ग्रुपवर आला. पोप महोदयांचे निधन झाले आहे, राखेच्या बुधवारपर्यंत व्हॅटिकन ही बातमी दडवून ठेवणार आहे, असा मजकूर. सोबत एक व्हिडिओ : रात्रीची वेळ, सेंट पीटर्सचे पटांगण, हातात जपमाळ घेतलेली माणसे. वर ‘शोकाकुल व्हॅटिकन’ असे शीर्षक. दहा मिनिटांत खाली हात जोडलेले इमोजी, फुले, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आमच्या शेजारच्या वाडीत दुसऱ्या दिवशी लग्न होते. प्रायश्चित्तकाळ सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार, त्यामुळे गावोगावी मांडव होते. तिथे बँड थांबवला. नवरीची आजी माजघरात जाऊन जपमाळ घेऊन बसली आणि रडायला लागली, तिचे बीपी वाढले. मला बोलावले तेव्हा तिचा हात थंडगार होता आणि ती एकच विचारत होती, आता उद्याचे लग्न करायचे की नाही. शेवटी कुणीतरी धर्मगुरूंना फोन लावला. फादर म्हणाले, ‘मला बिशप हाऊसकडून काहीही कळलेले नाही, लग्न ठरल्या वेळी होईल.’ त्यानंतर बँड पुन्हा वाजला, पण बेतानेच.

आता तो मेसेज उलगडून पाहू.

व्हिडिओ खरा होता. 24 फेब्रुवारीपासून सेंट पीटर्सच्या पटांगणात रोज रात्री नऊ वाजता पोप महोदयांसाठी जपमाळेची प्रार्थना होते. पहिल्या रात्री ती कार्डिनल पारोलिन यांनी सांगितली, नंतर दुसरे कार्डिनल सांगत आले आहेत. लोक थंडीत उभे राहून एका आजारी माणसासाठी प्रार्थना करतात. रोमचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडचे मध्यरात्रीनंतरचे दीड. म्हणजे शनिवारी संध्याकाळी आपल्याकडे फिरलेला व्हिडिओ आदल्या रात्रीचा किंवा त्याहून जुना होता, कारण शनिवारची प्रार्थना त्या वेळी व्हायचीच होती. बरे व्हावे म्हणून चाललेल्या प्रार्थनेला आपल्या लोकांनी शोकसभा ठरवले.

मेसेज आला तेव्हा रोममध्ये दुपारचे चार वाजले होते. त्या दिवशी सकाळचे निवेदन येऊन गेले होते : रात्र शांत गेली. संध्याकाळचे निवेदन यायचे होते, आणि ते आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास आले. त्यात लिहिले होते की प्रकृती स्थिर आहे, ताप नाही, शुक्रवारसारखा श्वासनलिका आवळण्याचा त्रास पुन्हा झाला नाही, ते जेवत आहेत, श्वसनाचे व्यायाम करत आहेत, दुपारी त्यांनी कम्युनियन घेतले. त्यांच्या निधनाच्या नावाने ज्या संध्याकाळी वसईत एक लग्नघर हादरले, त्याच दिवसाचा हा अहवाल आहे.

वेळेचा हा फरक समजून घ्या, कारण अफवेला मोकळे रान तिथेच मिळते. इटली सध्या आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. व्हॅटिकनचे वृत्त कार्यालय दिवसातून साधारण दोनदा प्रकृतीची माहिती देते. रोममध्ये सकाळी आठनंतर एक-दोन ओळी येतात, त्या आपल्याला दुपारी साडेबाराच्या पुढे मिळतात. डॉक्टरांचे सविस्तर निवेदन तिकडे संध्याकाळी सातच्या सुमारास येते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराच्या आसपास. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अधिकृत असे सहसा काही नसते. आपली म्हातारी माणसे पहाटे उठून फोन हातात घेतात, सहाच्या मिस्साला जाताना एकमेकांना विचारतात, आणि नेमक्या त्या वेळी ग्रुपवर जे असते ते रात्री कुणीतरी ढकललेले असते. त्या तासांत बातमी नसणे म्हणजे काहीतरी लपवले जाणे, असे नाही. रोममध्ये तेव्हा रात्र असते, एवढेच.

दुसरी गोष्ट माझ्या कामाच्या अनुभवातून सांगते. या अठरा दिवसांत जी निवेदने आली ती मी वाचत आले आहे. खोट्या मेसेजमध्ये पुष्कळदा खऱ्या निवेदनातलाच एखादा शब्द असतो. म्हणून तर तो पटतो.

पोप महोदय 88 वर्षांचे आहेत. तरुणपणी आजारामुळे त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा काही भाग काढलेला आहे. 14 फेब्रुवारीला ब्राँकायटिससाठी दाखल झाले, चार दिवसांनी दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया असल्याचे कळले. 22 तारखेला दम्यासारखा दीर्घ झटका आला, ऑक्सिजनचा मोठा प्रवाह द्यावा लागला, रक्तातल्या प्लेटलेट्स कमी झाल्या होत्या आणि ॲनिमियाही होता, म्हणून रक्त चढवावे लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लिहिले की मूत्रपिंडाच्या कामात सुरुवातीची, सौम्य कमतरता दिसते, ती आटोक्यात आहे. आपल्याकडे याचे झाले, ‘दोन्ही किडन्या निकामी, डायलिसिसवर.’ डायलिसिसचा उल्लेख त्या निवेदनात कुठेही नव्हता. 26 तारखेच्या निवेदनात मूत्रपिंडाची ती तक्रार ओसरल्याचे लिहिले होते. ते मात्र एकाही ग्रुपवर माझ्या पाहण्यात आले नाही.

शुक्रवारी, 28 फेब्रुवारीला, श्वासनलिका एकदम आवळल्या, उलटी झाली आणि त्यातले काही श्वासावाटे आत गेले. तेव्हा मास्कने यांत्रिक श्वसन सुरू केले. आपल्याकडे लगेच ‘व्हेंटिलेटरवर टाकले’ आणि त्यापाठोपाठ ‘संपले’. व्हेंटिलेटर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घशात नळी घातलेला, गुंगीत ठेवलेला पेशंट येतो. कोविडने ती धास्ती घराघरांत बसवली आहे आणि मी ती समजू शकते. पण इथे घशात नळी नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क आहे, त्यातून मशीन हवा दाबाने आत ढकलते. मास्क काढला की पेशंट बोलू शकतो, पाणी पिऊ शकतो. असे पेशंट मी आठ-दहा दिवसांनी चालत घरी जाताना पाहिले आहेत, आणि न वाचलेलेही पाहिले आहेत. मास्क लागला एवढ्यावरून कुठलाच निकाल देता येत नाही.

कालचा त्रासही तसाच समजून घ्या. फुप्फुसांच्या नळ्यांमध्ये कफ साचला, त्यामुळे त्या आवळल्या. डॉक्टरांनी दोनदा ब्राँकोस्कोपी केली, म्हणजे बारीक नळी आत घालून तो कफ ओढून काढला, आणि दुपारनंतर पुन्हा मास्क लावला. या वयात हे सोपे नाही. शरीर थकते. त्यामुळे उद्या प्रकृती ढासळली असे निवेदन आले तर मला नवल वाटणार नाही, आणि सुधारली असे आले तरी वाटणार नाही. न्यूमोनियात चार दिवस बरे, एक दिवस वाईट, असेच चालते. डॉक्टर पुढचा अंदाज सांगायला तयार नाहीत, याचा अर्थ त्यांना आज तो करता येत नाही. ते काही लपवत आहेत असा होत नाही.

फोटोंबद्दलही बोलायलाच हवे. पलंगावर झोपलेले, तोंडावर ऑक्सिजन मास्क असलेले पोप महोदय असे फोटो तुम्ही पाहिले असतील. 14 फेब्रुवारीपासून आजपर्यंत रुग्णालयातला त्यांचा एकही फोटो व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेला नाही. एकही नाही. त्यामुळे आत्ताचा म्हणून जो फिरतो तो संगणकावर बनवलेला तरी आहे, नाहीतर 2021 किंवा 2023 मधल्या आजारपणातला जुना तरी. आणि समजा खरा असता, तरी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याचा असा फोटो आपण चारशे लोकांना पाठवला असता का?

काहीजण म्हणतील, गेलेच असतील तर आपल्याला कळणार कसे? त्याची रीत ठरलेली आहे. पोपचे निधन झाले की नवे पोप निवडले जाईपर्यंत व्हॅटिकनचा कारभार पाहणारे कॅमरलेंगो, म्हणजे सध्या कार्डिनल केव्हिन फॅरेल, ते रीतसर प्रमाणित करतात. मग व्हॅटिकन जगाला सांगते. तिथून बिशपांना, बिशपांकडून धर्मगुरूंना, आणि मग आपल्या चर्चची घंटा. ही बातमी आपल्या वाडीतल्या एखाद्याच्या ‘रोममधल्या मित्राला’ आधी कळण्याचे कारण नाही. आणखी एक खूण रोज सकाळी आपल्या कानावर पडते. मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत धर्मगुरू पोपचे आणि बिशपांचे नाव घेतात. पोपचे आसन रिकामे झाले की ते नाव घेतले जात नाही. आज सकाळी आपल्या चर्चमध्ये ‘आमचे पोप फ्रान्सिस’ हे शब्द उच्चारले गेले. मिस्साला होतात ना? मग तुम्ही ते ऐकले आहेत.

घाई झाली की काय होते याचा दाखला मुंबईतच आहे. 22 मार्च 1979. जयप्रकाश नारायण जसलोक रुग्णालयात होते. ते गेल्याची चुकीची माहिती दिल्लीला पोहोचली, पंतप्रधान मोरारजी देसाईंनी ती लोकसभेत सांगितली, सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीवरून बातमी गेली. जसलोकसमोर लोक जमले. आणि जेपी आत जिवंत होते. 8 ऑक्टोबर 1979 ला, म्हणजे त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने, पाटण्यात त्यांचे निधन झाले. ज्यांच्या हाताशी सारी सरकारी यंत्रणा होती त्यांनीही खाटेजवळच्या डॉक्टरला विचारून खात्री केली नव्हती. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या वेळीही 1 एप्रिल 2005 च्या रात्री काही वाहिन्यांनी निधनाची बातमी देऊन टाकली होती. ते गेले दुसऱ्या दिवशी रात्री.

माझी तक्रार मेसेज लिहिणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल नाही, त्याच्यापर्यंत माझा आवाज पोहोचणार नाही. तक्रार आपल्या ग्रुपबद्दल आहे. शनिवारी तो मेसेज आमच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच होता. फादरांचे उत्तर मिळाल्यानंतरही कुणी काढला नाही. ज्यांनी श्रद्धांजली वाहिली त्यांनी गुपचूप आपापले शब्द पुसले, पण ‘ही बातमी खोटी होती’ असे त्याच ग्रुपवर कुणी लिहिले नाही. त्यामुळे रविवारी सकाळी फोन उघडणाऱ्याला ती पुन्हा ताजीच वाटली. आणि मग सोमवारी त्याच्या अगदी उलटा मेसेज आला : पोप पूर्ण बरे झाले, दोन दिवसांत घरी जाणार. त्याखाली आनंदाचे इमोजी. तोही तितकाच खोटा होता, आणि त्याच रात्री दोन वेळच्या त्रासाची बातमी आली तेव्हा लोकांना वाटले, कालपर्यंत बरे होते, मग आता नक्कीच काहीतरी दडवत आहेत. गोड अफवेने कडू अफवेचे काम सोपे केले.

म्हणून ॲडमिननो, माझ्या मागण्या साध्या आहेत.

पोप महोदयांच्या प्रकृतीबद्दल ग्रुपवर फक्त व्हॅटिकनच्या वृत्त कार्यालयाचे निवेदन टाकावे, तेही दिवसातून दोनदा, दुपारी एकच्या सुमारास आणि रात्री साडेअकरानंतर. व्हॅटिकन न्यूजच्या संकेतस्थळावर ते रोज मिळते. प्रत्येक ग्रुपने एक माणूस नेमावा, इंग्रजी नीट वाचणारा आणि घाई नसलेला. त्याने चार ओळींत मराठी सार लिहावे, मूळ निवेदनात नसलेला शब्द घालू नये.

निधनाचा मेसेज आला तर वाट न पाहता ॲडमिनने तो सर्वांसाठी डिलीट करावा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. पण नुसता काढून भागणार नाही, कारण तोवर तो पुढे गेलेला असतो. त्याच ठिकाणी खुलासा टाकावा. खुलाशात अफवा पुन्हा सगळी लिहू नये, तिचा स्क्रीनशॉटही लावू नये, कारण घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तेवढेच भरते. पहिल्याच ओळीत खरे काय ते यावे. आणि तारीख व वेळ घालावीच. तारीख नसलेला ‘पोप महोदय स्थिर आहेत’ हा मेसेज आठवड्याने स्वतःच अफवा होतो.

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो अनेक हातांतून फिरत आलेला आहे, पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही. असा मेसेज पोपच्या प्रकृतीबद्दल असेल तर तो ग्रुपवर येऊ देऊ नये. गरज पडली तर रात्री अकरा ते सकाळी सात फक्त ॲडमिन लिहू शकतील अशी सेटिंग करावी. आपल्या ग्रुपवर रात्री बारानंतर तातडीचे असे क्वचितच काही असते.

आणि पॅरिश कौन्सिलला विनंती : रविवारच्या मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये प्रकृतीचे अधिकृत सार वाचून दाखवावे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना सगळ्यात विपरीत होऊन ऐकू येते.

खुलाशासाठी मजकूर देते. तारीख-वेळ बदलून, ताज्या निवेदनाशी ताडून वापरा :

‘4 मार्च 2025, दुपारी 3. पोप फ्रान्सिस जेमेली रुग्णालयात उपचार घेत आहेत. काल त्यांना दोनदा श्वसनाचा तीव्र त्रास झाला, उपचारांनंतर ते शुद्धीवर आणि डॉक्टरांना साथ देत होते. आज सकाळच्या निवेदनानुसार ते रात्रभर झोपले. प्रकृती गंभीर आहे, पुढचा अंदाज डॉक्टरांनी दिलेला नाही. पुढची अधिकृत माहिती आज रात्री साडेअकराच्या सुमारास अपेक्षित आहे. तोवर इतर कोणताही मेसेज पुढे पाठवू नये.’

उद्या राखेचा बुधवार. रोममध्ये राख लावण्याचा विधी पोप महोदयांऐवजी कार्डिनल दे दोनातिस करणार आहेत, हे आधीच जाहीर झालेले आहे. उद्या ते टीव्हीवर दिसणार नाहीत, आणि कुणीतरी त्याचाच पुरावा करून पुन्हा मेसेज पाठवेल. तो येईल तेव्हा तुमच्याजवळ वरचा मजकूर तयार असू द्या, आणि आपल्या ग्रुपवरचा शनिवारचा मेसेज अजून राहिला असेल तर आज संध्याकाळच्या आत काढा.

आपली,
वसईतली एक निवृत्त नर्स